हप्ता जागेवर, मुदत पुढे

*प्रश्न : डिसेंबर २०२१ मध्ये आम्ही जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला. २५ लाखांचं कर्ज, १५ वर्षं मुदत, व्याज ६.७० टक्के, हप्ता २२,०५४ रुपये. मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतात. २०३६ च्या डिसेंबरात ते निवृत्त होतील, म्हणूनच १५ वर्षांची मुदत घेतली होती. मधे व्याज वाढलं तेव्हा धाकट्या दिरांचा हप्ता वाढला. त्यांचंही कर्ज त्याच बँकेचं, तेवढंच, तेव्हाच घेतलेलं, पण २० वर्षांचं. आमचा हप्ता मात्र एक रुपयानेही वाढला नाही, म्हणून आम्ही स्वतःला नशीबवान समजत होतो. आता स्टेटमेंट काढलं तर ४८ हप्ते भरूनही २२,५६,४९२ रुपये बाकी आणि अजून १७२ हप्ते! बँकेत विचारलं तर म्हणाले, "आता व्याज ७.९५ झालंय. अर्ज द्या, हप्ता २०,२०२ करून देतो, मुदत डिसेंबर २०४२ पर्यंत जाईल." मिस्टर म्हणतात तसं करू, मुलगी बारावीला आहे, पुढे फी भरायची आहे. सासूबाई म्हणतात, तीन लाखांची एफडी मोडून सगळे पैसे कर्जात भरा. मी घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या ऑर्डरी घेते, त्यातून महिन्याला चार-पाच हजार सुटतात. बँकेनं आम्हाला फसवलं का? आणि आता कोणाचं ऐकू?*

*– एक वाचक, सोलापूर*

ताई, फसवणुकीची शंका आधी दूर करते, कारण ती मनात असेपर्यंत आकडे नीट दिसत नाहीत. तुमचा हिशेब मी पहिल्या हप्त्यापासून मांडून पाहिला. दर तीन महिन्यांनी व्याज बदललं असं धरलं की बाकी बरोबर तुमच्या स्टेटमेंटएवढीच येते. हिशेबात खोट नाही. मधल्या काळात तुमच्या वतीने एक निर्णय मात्र घेतला गेला, आणि तो कोणी तुम्हाला बसवून समजावून सांगितला नाही. माझी सव्वीस वर्षं बँकेच्या कर्ज विभागात गेली. समोर बसलेला जवळजवळ प्रत्येक माणूस "हप्ता किती बसेल?" एवढंच विचारायचा. किती हप्ते उरले, हे विचारणारे फार थोडे. तुम्ही ते चार वर्षांनी का होईना पाहिलंत, आणि अजून बराच वेळ हातात आहे.

तुमचं कर्ज रेपो दराला बांधलेलं दिसतं. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसे देते तो रेपो. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराचं, गृहकर्ज अशा बाहेरच्या दराला जोडावंच लागतं. तुम्ही कर्ज घेतलंत तेव्हा रेपो ४ टक्के होता आणि त्यावर बँकेने स्वतःची २.७० टक्क्यांची भर घातली होती, म्हणून ६.७०. मे २०२२ पासून रेपो चढत गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० वर पोचला आणि तिथे दोन वर्षं थांबला. तुमचा दर त्यामुळे ९.२० झाला. फेब्रुवारी २०२५ पासून रेपो उतरू लागला, डिसेंबरात ५.२५ वर आला, आणि म्हणून तुमच्या कर्जाचा आजचा दर ७.९५ आहे. बँक साधारण तीन महिन्यांतून एकदा नवा दर लावते, त्यामुळे बातमीत दर बदलला तरी खात्यावर तो थोडा उशिरा दिसतो.

आता एकाच महिन्याचा हिशेब पाहा, म्हणजे मुदत कुठे लांबली ते कळेल. हप्त्यातून आधी त्या महिन्याचं व्याज वजा होतं आणि उरलेलं मुद्दलात जातं. तुमच्या पहिल्या हप्त्यात व्याज होतं १३,९५८ रुपये, म्हणजे ८,०९६ रुपये मुद्दलात गेले. एप्रिल २०२३ मध्ये या. बाकी होती २४,०४,८५४ आणि दर ९.२०. त्या महिन्याचं व्याज झालं १८,४३७ रुपये. हप्ता तोच, २२,०५४. मुद्दलाच्या वाट्याला आले फक्त ३,६१७. व्याज एक तृतीयांशाच्या आसपास वाढलं, पण मुद्दलाची फेड मात्र निम्म्याहूनही खाली गेली. मुद्दल सावकाश फिटू लागलं की हप्त्यांची संख्या वाढण्यावाचून गत्यंतर नसतं. त्या एप्रिलमध्ये तुमच्या नावावर २३७ हप्ते शिल्लक होते. आधी भरलेले १५ धरले तर एकूण २५२, म्हणजे १५ वर्षांचं कर्ज २१ वर्षांचं झालं होतं. बँकेने आता जी डिसेंबर २०४२ ची तारीख सांगितली, ती तिथूनच आली आहे.

म्हणून "आमचा हप्ता वाढला नाही" याचा अर्थ "आम्हाला व्याजवाढ लागली नाही" असा धरू नका. ती पूर्ण लागली, फक्त दिसेल अशा जागी लागली नाही. चार वर्षांत तुम्ही १०,५८,५९२ रुपये भरले, त्यातले ८,१५,०८४ व्याजात गेले आणि २,४३,५०८ मुद्दलात. दर ६.७० वरच राहिला असता तर आज बाकी साडेवीस लाखांच्या आसपास असती. आज ती त्याहून दोन लाखांनी जास्त आहे.

तुमच्या दिरांचा हप्ता का वाढला, तेही इथेच उलगडतं. २५ लाख, २० वर्षं, ६.७० टक्के या हिशेबाने त्यांचा मूळ हप्ता १८,९३५ च्या आसपास असणार. तो तसाच ठेवला असता तर एप्रिल २०२३ मध्ये त्यांची बाकी साडेचोवीस लाखांवर राहिली असती आणि ९.२० ने महिन्याचं व्याज १८,८१४ रुपये झालं असतं. मुद्दलाला उरले असते १२१ रुपये! या वेगाने कर्ज फिटायला आणखी पंचावन्न वर्षं लागली असती. दर अजून थोडा चढला असता तर हप्ता व्याजालाही पुरला नसता आणि भरत असतानाच मुद्दल वाढत गेलं असतं. तसं होऊ द्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. शिवाय मुदत किती लांबवायची यालाही प्रत्येक बँकेची मर्यादा असते. त्यामुळे त्यांचा हप्ता वाढवण्याखेरीज बँकेपुढे मार्ग नव्हता. तुमचा हप्ता मुळातच मोठा होता, म्हणून मुदत ताणायला जागा होती आणि बँकेने ती ताणली. मुदत जितकी लांब तितका हप्त्यात मुद्दलाचा वाटा बारीक, आणि तेवढाच व्याजवाढीचा धक्का मोठा. नवं कर्ज घेणाऱ्यांनी २० की २५ वर्षं हे ठरवताना हा हिशेब जरूर पाहावा.

दर उतरला तशी तुमची मुदत आपोआप २५२ वरून २२० हप्त्यांवर आली. आता व्याज उतरतंय, म्हणजे बाकीचंही हळूहळू जागेवर येईल असं वाटणं साहजिक आहे. पण उद्या दर पुन्हा थेट ६.७० झाला तरी याच हप्त्याने तुम्हाला सुमारे १५२ हप्ते लागतील, म्हणजे निवृत्तीनंतर वीस महिने. ज्या काळात मुद्दल सावकाश फिटलं तो काळ दर उतरल्यामुळे भरून निघत नाही. तो पैशानेच भरून काढावा लागतो.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. मुलीच्या फीची काळजी खरी आहे आणि ती मी हलकी मानत नाही. हप्ता २०,२०२ केला तर महिन्याला १,८५२ रुपये सुटतील, वर्षाला बावीस हजार. पण त्यापायी अजून २०४ हप्ते भरावे लागतील. आहे तोच हप्ता ठेवला तर एकूण साधारण ३७ लाख ८३ हजार भरावे लागतात, आणि कमी केलेल्या हप्त्याने ४१ लाख २१ हजार. फरक ३ लाख ३८ हजारांचा. त्याहून मला खटकते ती दुसरी गोष्ट. डिसेंबर २०३६ मध्ये, पगार थांबेल त्या दिवशी, आजच्या हप्त्याने साडेसात लाखांच्या थोडी वर बाकी राहते. कमी केलेल्या हप्त्याने ती साडेअकरा लाखांची होते. पीएफ-ग्रॅच्युइटीची रक्कम हातात येईल आणि लगेच घराकडे वळेल. एखाद्या घरात महिना खरोखरच भागत नसेल, पगार घटला असेल, आजारपण असेल, तर हप्ता कमी करून घेणं हा योग्यच मार्ग आहे आणि त्यात कमीपणा नाही. तुमच्या पत्रात मला तशी ओढाताण दिसत नाही. चार वर्षं तुम्ही हा हप्ता वेळेवर भरला आहे.

सासूबाईंचा हिशेब पाहून मला फार बरं वाटलं. कागद-पेन न घेता त्यांनी जे सांगितलं ते जवळजवळ नेमकं आहे. तीन लाख भरून हप्ता तोच ठेवला तर कर्ज मार्च २०३७ मध्ये संपतं, म्हणजे निवृत्तीनंतर जेमतेम तीन महिन्यांत. एफडीवर मिळणारं व्याज कर वजा जाता सहसा कर्जाच्या व्याजाहून कमीच पडतं, त्यामुळे नुसत्या आकड्यांत त्यांचंच बरोबर ठरतं. अडचण वेगळीच आहे. मुदतीच्या साध्या कर्जात भरलेला पैसा गरज पडली म्हणून परत काढता येत नाही. जून-जुलैमध्ये प्रवेशाची फी आली आणि घरात रोख नसली तर पर्सनल लोन किंवा सोनेतारण करावं लागेल, आणि पर्सनल लोनचा दर गृहकर्जाहून बराच जास्त असतो. ७.९५ चं कर्ज फेडण्यासाठी त्याहून महाग कर्ज काढण्याची वेळ येऊ नये.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर दोघांच्याही म्हणण्यातलं थोडं थोडं घेतलं असतं. एफडीतले एक लाख कर्जात भरले असते, दोन लाख फी आणि अडीअडचणीसाठी ठेवले असते, आणि हप्ता कमी न करता २४,५६० केला असता. म्हणजे आजच्याहून अडीच हजार जास्त. या दोन्ही गोष्टी मिळून कर्ज १३२ हप्त्यांत, म्हणजे मूळ ठरल्याप्रमाणे डिसेंबर २०३६ मध्ये संपतं. एक लाखाचीही एफडी मोडायची नसेल तर हप्ता २५,६९८ करावा लागेल. तेव्हाही कर्ज त्याच महिन्यात संपतं आणि एकूण भरणा ३३ लाख ९२ हजारांच्या आसपास येतो, म्हणजे आजच्या हप्त्यापेक्षा ३ लाख ९१ हजारांनी कमी. अडीच हजार तुमच्या भाकरी-चटणीच्या कमाईतून निघतील असं मला वाटतं, पण ती कमाई बाराही महिने सारखी येते का, की गड्डा यात्रा आणि लग्नसराईत जास्त येऊन पावसाळ्यात आटते, हे तुम्हालाच ठाऊक. सारखी येत नसेल तर हप्ता हजार रुपयांनीच वाढवा आणि चांगल्या महिन्यांतली जास्तीची रक्कम एकत्र साठवून वर्षातून एकदा कर्जात भरा. ठरलेला हप्ता चुकण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

"मुलीचं शिक्षण होऊ दे, मग हप्ता वाढवू" असंही तुमच्या घरात निघेल. तेही मी मोजून पाहिलं. चार वर्षं हप्ता २२,०५४ च ठेवला आणि जानेवारी २०३० पासून वाढवायचं ठरवलं, तर डिसेंबर २०३६ गाठायला तेव्हा २८,८९० रुपयांचा हप्ता लागेल. आज ३,६४४ रुपयांची वाढ पुरते, तेव्हा ६,८३६ ची लागेल. तेव्हा मुलगी कमावती असेल आणि हे जमेलही. पण ठरवायचं तर हा आकडा समोर ठेवून ठरवा.

हे सगळं आजच्या ७.९५ वर आधारलेलं आहे. दर पुढेही वरखाली होईल. तुमच्या आजच्या बाकीवर आणि आजच्या हप्त्यावर पाव टक्क्याचा बदल म्हणजे साधारण पाच महिन्यांचा फरक. तोच बदल मुदतीऐवजी हप्त्यात घेतला तर महिन्याला सव्वातीनशे रुपयांच्या आसपास. पाव टक्का वाढला की सव्वातीनशे रुपये जास्त भरायचे आणि उतरला की हप्त्याला हात लावायचा नाही, एवढं पाळलंत तर निवृत्तीची तारीख पुन्हा हातून सुटणार नाही.

स्वतः पडताळून पाहायचं असेल तर यजमानांना कारखान्यातल्या संगणकावर एक्सेलमध्ये दोन ओळी टाकायला सांगा. पहिली ओळ आजच्या हप्त्याने किती महिने लागतील ते सांगते, आणि दुसरी १३२ महिन्यांत संपवायला किती हप्ता लागेल ते.

```
=NPER(7.95%/12,-22054,2256492)
=PMT(7.95%/12,132,-2256492)
```

पहिलीचं उत्तर १७१.५ येईल, म्हणजे १७२ हप्ते आणि शेवटचा लहान. दुसरीचं २५,६९८. आपला दर, हप्ता आणि बाकी घातली की कोणत्याही वाचकाला आपल्या कर्जाचं हेच चित्र मिळेल.

आता बँकेत काय करायचं ते सांगते. हप्ता ठेवायचा की मुदत, हे विचारून घेण्याचा तुमचा हक्क आहे. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी तसं परिपत्रक काढलं आणि ते जुन्या कर्जांनाही लागू केलं. दर बदलताना हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होईल ते बँकेने कळवायचं. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं, हे ग्राहकाने निवडायचं. शिवाय दर तिमाहीला एक विवरण द्यायचं, ज्यात आजवर वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्ता, उरलेल्या हप्त्यांची संख्या आणि व्याजदर असायला हवा. तुमची मुदत बरीचशी त्या परिपत्रकाआधीच लांबली होती, म्हणून तेव्हा कोणी विचारलं नसेल. पण त्यानंतर आलेले एसएमएस आणि ईमेल एकदा शोधा. ते आपण बहुतेक न वाचताच पुसून टाकतो.

तोंडी सांगू नका, शाखेत लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. मजकूर असा चालेल : "माझ्या गृहकर्ज खात्यात १,००,००० रुपये मुदतपूर्व भरत आहे. ही रक्कम थेट मुद्दलात जमा करावी आणि त्यामुळे हप्ता कमी करू नये. पुढील महिन्यापासून मासिक हप्ता २४,५६० रुपये करावा. बदलानंतरचा परतफेडीचा तक्ता द्यावा." यातलं "हप्ता कमी करू नये" हे वाक्य गाळू नका. एकरकमी भरणा आला की काही ठिकाणी मुदत तीच ठेवून हप्ता घटवतात. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड लागत नाही. कोणी मागितलाच तर लेखी मागा. हप्ता दुसऱ्या बँकेतल्या पगाराच्या खात्यातून कापला जात असेल तर तिथल्या मँडेटची, म्हणजे हप्ता आपोआप कापायला तुम्ही दिलेल्या परवानगीची, कमाल रक्कमही पाहा. ती २४,५६० पेक्षा कमी असेल तर नवं मँडेट भरून द्यावं लागेल, नाहीतर वाढलेला पहिलाच हप्ता परत जाईल आणि वर दंड बसेल. अर्जाला तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटणारं आलं नाही, तर cms.rbi.org.in या संकेतस्थळावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही.

त्याच भेटीत तुमच्या २.७० टक्क्यांच्या भरीविषयीही विचारा. रेपो सगळ्यांना सारखाच, पण ही भर कर्ज घेतलं तेव्हाची असते. नव्या ग्राहकाला बँक आज किती भर लावते ते विचारा आणि तुमची तेवढी करायला किती शुल्क लागेल तेही. पाव टक्का जरी कमी झाला तरी वर सांगितलेले पाच महिने वाचतात, त्यामुळे दोन-तीन हजारांचं शुल्क सहज भरून निघतं. नाही म्हणाले तरच कर्ज दुसऱ्या बँकेत नेण्याचा विचार करा. प्रक्रिया शुल्क, मुद्रांक, वकिलाचा अहवाल हे सगळं मिळून किती होतं ते आधी लिहून घ्या. आणि नव्या बँकेने "पुन्हा २० वर्षं करू, हप्ता कमी बसेल" म्हटलं, तर पुन्हा पहिल्या पायरीवर याल.

आणखी एक गोष्ट, जी या गडबडीत कोणाच्या लक्षात येत नाही. कर्ज घेताना कर्जाला जोडलेला विमा घेतला असेल तर त्याची पॉलिसी काढून पाहा. असा विमा बऱ्याचदा मूळ तक्त्याप्रमाणे वर्षागणिक कमी होत जातो आणि मूळ मुदतीला संपतो. तुमचं तसं असेल तर विम्याच्या कागदावर आज साडेवीस लाखांच्या आसपास रक्कम असेल आणि कर्ज आहे साडेबावीस लाखांवर. मुदत २०४० पर्यंत गेली तर शेवटची तीन वर्षं विमाच नसेल. वेगळा टर्म इन्शुरन्स असेल तर ही काळजी नाही.

इतर वाचकांसाठी एक खुलासा. सगळ्यांचं कर्ज रेपोला जोडलेलं नसतं. ऑक्टोबर २०१९ आधीचं बँकेचं कर्ज बहुधा एमसीएलआरवर, म्हणजे बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या दरावर असेल, आणि कर्जावरचं व्याज सहा महिन्यांतून किंवा वर्षातून एकदा बदलतं. गृहवित्त कंपन्या स्वतःच्या दराला कर्ज जोडतात. आपल्या सोलापुरात अनेकांची कर्जं सहकारी बँकांची आहेत आणि त्यांनाही रेपोशी जोडण्याची सक्ती नाही. अशा ठिकाणी रेपो उतरला म्हणून तुमचा दर उतरेलच असं नाही, उतरला तरी उशिरा किंवा थोडा उतरतो. मंजुरीपत्रात दर कशाला जोडला आहे आणि किती महिन्यांनी बदलतो हे लिहिलेलं असतं. तिथूनच सुरुवात करा.

ताई, मार्चचा हप्ता गेला की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा स्टेटमेंट काढा. उरलेले हप्ते १२९-१३० दिसले तर सगळं ठरल्याप्रमाणे झालं. एखाद्या महिन्याचा उशीर झाला तर शेवटी एक छोटा हप्ता वाढेल, तेवढं चालतं. १५५ च्या आसपास दिसले तर एक लाख जमा झाले, पण हप्ता वाढवायचा राहिला. आणि हप्ताच २१,०७७ च्या आसपास उतरलेला दिसला, तर तुमच्या एक लाखातून त्यांनी मुदतीऐवजी हप्ता घटवला आहे. शिक्क्याची प्रत घेऊन त्याच दिवशी शाखेत जा आणि नवा तक्ता हातात पडेपर्यंत उठू नका.